६० सेकंदांचा कॉल म्हणजे लीड? एसी दुरुस्तीच्या कॉल-लॉगवर चर्चा

प्रसाद, राजारामपुरी: एसी दुरुस्तीचं काम आहे. एप्रिलमध्ये जाहिरातीच्या नंबरवर २४० कॉल आले, त्यातले ६२ मिस्ड. जाहिरातीचं काम बघणारा म्हणतो, ६० सेकंदांवरचे ९४ कॉल म्हणजे ९४ लीड. नवी कामं मात्र ५१च. कुठला आकडा खरा धरू?

निखिल: ९४च धरा. गूगल अ‍ॅड्समध्येही कॉल मोजायची मूळ मर्यादा ६० सेकंदच असते. राँग नंबर, दर विचारून ठेवून देणारे सगळे त्यात गळतात. मर्यादा काढली तर जाहिरात तसल्याच लोकांच्या मागं धावेल.

वर्षा, ताराबाई पार्क: मर्यादा हवीच, पण एसीच्या धंद्यात ६० चुकीची आहे. ज्याचा एसी बंद पडलाय तो थोडक्यात बोलतो: "थंड होत नाही, पत्ता घ्या, कधी येताय?" चाळीस सेकंदांत काम ठरतं. चार मिनिटं बोलतो तो बहुतेक वेळा घासाघीस करणारा, नाहीतर "काल गॅस भरला, आज परत गरम हवा येतीय" म्हणणारा जुना ग्राहक.

आणि प्रसाददादा, ते ६० सेकंद कुठून मोजलेत ते आधी बघा. स्वागताची टेप १५ सेकंदांची आणि नंतर रिंग २० सेकंद वाजली, तर काही सिस्टीम तेही कॉलमध्येच धरतात. म्हणजे बोलणं २५ सेकंदांचंच. दुसऱ्या मोबाइलवरून कॉल करा, घड्याळ लावून बरोबर ३० सेकंद बोला आणि लॉगमध्ये किती पडतात ते बघा.

सुहास, इचलकरंजी: आमचं पेस्ट कंट्रोल. तीन मिनिटांखालच्या कॉलमधून काम क्वचितच येतं. किती खोल्या, घरात लहान मूल आहे का, वास किती दिवस राहतो, हे बोलल्याशिवाय गिऱ्हाईक हो म्हणत नाही. त्यामुळं लांब कॉल चांगला, हेच खरं.

वर्षा: तुमच्या कामात खरं आहे, सुहासदादा. म्हणूनच मर्यादा दुसऱ्याच्या धंद्यातून उचलायची नाही, स्वतःच्या जॉब-वहीशी लॉग ताडून काढायची. प्रसाददादा, कॉल नाही, नंबर मोजा. लॉगमध्ये तोच माणूस कुठे 0 लावून, कुठे +91 लावून येतो, म्हणून शेवटचे दहा अंकच घ्या. A मध्ये नंबर असेल तर B2 आणि C2 मध्ये:

```
=RIGHT(SUBSTITUTE(A2," ",""),10)
=COUNTIFS(B$2:B2,B2)
```

दोन्ही खालपर्यंत ओढा. C मध्ये 1 आला तो त्या नंबरचा पहिला कॉल. पण लॉग जुन्यापासून नव्याकडे लावून घ्या. बहुतेक लॉग उलटे उतरतात आणि मग शेवटचा कॉल पहिला ठरतो.

मंगेश: मिस्ड कॉलला आपोआप एसएमएस जाईल असं करा की, विषय संपला.

वर्षा: एसएमएस पाठवा, पण लीड चांगली की वाईट ते त्यातून कळत नाही.

प्रसाद: मोजलं. २४० कॉल १५८ नंबरांचे. ६२ मिस्ड कॉल ३८ नंबरांचे, आणि त्यातल्या २१ जणांशी त्याच दिवशी बोलणं झालंय. म्हणजे खरे सुटले ते १७. बोलणं झालेल्या १४१ नंबरांपैकी ३३ वहीत आधीपासून आहेत. नवी कामं दिलेल्या ५१ जणांपैकी १९ जणांचा पहिला कॉल ६० सेकंदांच्या आतला निघाला.

वर्षा: म्हणजे नव्या माणसांच्या लीड १०८, आणि त्यातल्या ५१ची कामं झाली. ६०ची मर्यादा त्यातली १९ कामं कचऱ्यात टाकत होती. पुन्हा येणाऱ्या कॉलचेही अर्थ वेगळे लावा. मिस्डनंतर तासाभरात परत आला तो त्याच लीडचा, आणि गरजू. काम झाल्यावर आठवड्यात आला तर तक्रार. वर्षभरानं आला तर सर्व्हिसचा ग्राहक, त्याचं श्रेय जाहिरातीला देऊ नका.

निखिल: १९चं मान्य. पण मर्यादा २५वर आणली तर "वॉशिंग मशीन करता का?" असले कॉलही लीड ठरतील. मी ४५च्या खाली जाणार नाही.

वर्षा: त्या १९ कॉलमध्ये निव्वळ बोलणं किती सेकंदांचं होतं, ते बघून ठरवू. आणि प्रसाददादा, त्या १७ नंबरांवर रिंग किती वाजली? तीन-चार सेकंदांत कट झाला असेल तर चुकून लागलेला, नाहीतर "तुम्हीच फोन करा" म्हणून दिलेला मिस्ड कॉल. पंचवीसच्या वर वाजली असेल तर तुमच्याकडं कुणी उचलला नाही.

प्रसाद: १७ पैकी ११ पंचवीसच्या वर. सगळे सकाळी ८ ते साडेनऊमधले. दुकान १० ला उघडतं.

निखिल: मग जाहिरात १० नंतरच चालू ठेवा, तेवढे पैसे वाचतील.

वर्षा: उलट! उन्हाळ्यात रात्रभर उकाड्यात काढलेला माणूस ऑफिसला जायच्या आधी फोन करतो. तो कॉल बंद करू नका, ८ वाजल्यापासून नंबर कुणाच्या तरी मोबाइलवर वळवा.

निखिल: वळवा, पण एक महिना त्या ११सारख्या कॉलमधून किती कामं येतात ते वेगळं लिहा. मग बोलू.