अनुभव धागा: डायरेक्ट कूल की फ्रॉस्ट फ्री? वीज, बर्फ आणि डीफ्रॉस्ट

घरी फ्रीज बदलायचा आहे. दुकानात प्रत्येक जण वेगळं सांगतो. ज्यांनी दोन्ही प्रकार वापरलेत त्यांनी कृपया लिहा: वीज किती लागते, बर्फ किती साचतो, तो काढायला काय करावं लागतं. "आमचा छान चाललाय" यापेक्षा आकडे आणि कृती आली तर सगळ्यांनाच उपयोग होईल.

मीटरवाचक
आमच्याकडे १९० लिटरचा डायरेक्ट कूल आहे आणि भावाकडे २६० लिटरचा फ्रॉस्ट फ्री. सॉकेटमध्ये लावायचं छोटं मीटर आणून दोन्ही तीन-तीन दिवस मोजले. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका. दार किती वेळा उघडलं, गरम भात आत गेला का, यावर तो हलतो. आमचा दिवसाला साधारण पाऊण युनिट, भावाचा एक युनिटच्या थोडा वर.

फरक कुठून येतो तेही मीटरवर दिसलं. भावाच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर बंद होता, आवाज नाही, आतला पंखाही थांबलेला, तरी मीटर १५० वॉट दाखवत होतं. तो आतला बर्फ आपोआप वितळवणारा डीफ्रॉस्टचा हीटर. २५ मिनिटं चालला, म्हणजे जेमतेम ०.०६ युनिट. दिवसातून दोनदा धरला तरी ०.१२. शिवाय हीटरने आत सोडलेली उष्णता कॉम्प्रेसरला पुन्हा बाहेर काढावी लागते आणि पंखा चालतो तो वेगळाच. उरलेला फरक बराचसा आकाराचा आहे. दिवसाला ०.३ युनिट धरलं तर वर्षाला ११० युनिट होतात. ८ रुपये दराने नऊशेच्या आत. फ्रॉस्ट फ्री म्हणजे बिल दुप्पट, हे खरं नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. दोन्ही प्रकारांना तारे वेगवेगळ्या कोष्टकांवरून मिळतात. डायरेक्ट कूलचे तीन तारे आणि फ्रॉस्ट फ्रीचे तीन तारे एकमेकांशी ताडू नका. लेबलवर वर्षाची युनिटं छापलेली असतात, ती ताडा.

कोकणपाऊस
डायरेक्ट कूलची वीज कमी, हे बर्फ वेळेवर काढला तरच. आमच्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की दार उघडलं की ओल आत शिरते आणि फ्रीझरच्या भिंतींवर चिकटते. एप्रिलमध्ये महिनाभरात जेवढा थर येतो तेवढा जुलैत दहा-बारा दिवसांत. बर्फाचा थर गारवा आत येऊ देत नाही, म्हणून कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. थर करंगळीच्या निम्म्या जाडीचा झाला की काढायचा. त्याहून जास्त झाला तर फ्रीझरचं झाकण नीट बसत नाही, फटीतून आणखी ओल जाते, आणि मग थर फार झपाट्याने वाढतो.

माझी पद्धत: रात्री जेवणं आटोपल्यावर थर्मोस्टॅटच्या नॉबच्या मधोमध असलेलं बटण दाबायचं. फ्रीझरमधलं सामान जाड टॉवेलात गुंडाळून पातेल्यात ठेवायचं. फ्रीझरखालचा चिल ट्रे रिकामा करून पुन्हा जागेवर ढकलायचा, कारण पाणी त्यातच पडतं. थर जाड असेल तर फ्रीझरमध्ये लाकडी पाटावर गरम पाण्याचं पातेलं ठेवते. उकळतं नको, हात लावता येईल इतपतच. अर्ध्या तासात पापुद्रे सुटतात. पाणी काढल्यावर भिंती कोरड्या फडक्याने पुसायच्या, हे बहुतेक जण विसरतात. ओल्या भिंतीवर लगेच पातळ काच जमते आणि पुढचा थर तिच्यावर चढतो.

नवी_गृहिणी
कोकणपाऊस ताई, मग फ्रॉस्ट फ्रीमध्ये बर्फच होत नाही का? आम्हाला सरबताला बर्फ लागतो, मुलांना कुल्फी. मग तो घेऊन काय उपयोग?

कोकणपाऊस
होतो गं. ट्रेमध्ये ठेवलेलं पाणी गोठतंच. भिंतींवर जो नको असलेला बर्फ चढतो, तेवढा चढत नाही. मात्र आत सतत वारा फिरतो, म्हणून उघडी कणीक, कापलेला कांदा, कोथिंबीर लवकर सुकते. झाकणाचे डबे हवेतच.

गावाकडचा
माझं मत वेगळं. आमच्याकडे उन्हाळ्यात चार-पाच तास वीज जाते. तेव्हा हाच साचलेला बर्फ फ्रीज गार ठेवतो, दूध नासत नाही. म्हणून मी मुद्दाम काढत नाही.

थंडयंत्र (मेकॅनिक)
दादा, वीज गेल्यावर बर्फ गारवा धरतो हे बरोबर. पण त्यासाठी भिंतीवर थर कशाला? पाण्याच्या दोन बाटल्या वर मोकळी जागा ठेवून भरा आणि फ्रीझरमध्ये गोठवा. काम तेच, आणि भिंत मोकळी राहते.

आता ज्यासाठी मला सगळ्यात जास्त वेळा बोलावतात ते सांगतो. सुरीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने बर्फ खरवडतात. फ्रीझरची भिंत म्हणजे पातळ अॅल्युमिनियम, आणि गॅसच्या नळ्या त्याच पत्र्यात. एक टोक घुसलं की "फुस्स" आवाज येतो आणि पुढे फ्रीझर गार होतच नाही. जोड मारता येतो, पण तो टिकेलच असं मी छातीठोक सांगत नाही. हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमधला गॅस R600a असतो, तो पेट घेतो. आवाज आला तर खिडक्या उघडा, जवळची गॅसची शेगडी बंद करा, आणि विजेचं कुठलंच बटण चालू-बंद करू नका.

दुसरं, फ्रीज "मेला" म्हणून फोन येतो आणि जाऊन पाहावं तर डीफ्रॉस्टचं बटण चुकून दाबलेलं. दिवा लागतो, कॉम्प्रेसर नाही. फ्रीझर पुरेसा कोमट झाला की बटण आपोआप बाहेर येतं. नॉब थोडा फिरवला तरी बऱ्याचदा सुटतं.

फ्रॉस्ट फ्रीचा नेहमीचा बिघाड वेगळा असतो. वर आइस्क्रीम कडक, खाली दूध कोमट. लोक गॅस भरून घेतात, तो खर्च वाया जातो. वरच्या फ्रीझरच्या मागच्या पॅनलमागची जाळी पाहा. ती सगळी पांढऱ्या बर्फाने बुजली असेल तर डीफ्रॉस्ट होत नाहीये, म्हणून वारा खाली जात नाही. बर्फ जाळीच्या एकाच कोपऱ्यात असेल तर गॅस कमी असण्याची शक्यता जास्त. बुजलेल्या जाळीत तीन गोष्टी तपासायच्या: हीटर, बायमेटल म्हणजे गारव्याने जुळणारा हीटरचा स्विच, आणि टायमर. १५० वॉटचा हीटर मल्टिमीटरवर साधारण ३५० ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर तुटलेला. बायमेटल गोठलेला असताना जुळलेला हवा. खोलीत उबदार ठेवून मोजला तर तो उघडाच दिसणार, म्हणून चांगला पार्ट बदलला जातो. टायमरचा खाचेचा दांडा हळू फिरवला की "टक" होऊन कॉम्प्रेसर थांबतो आणि हीटर लागतो. हे मोजमाप फ्रीजचा प्लग काढूनच. टायमर फिरवताना मात्र वीज लागते, तेव्हा आत हात घालू नका. इन्व्हर्टर मॉडेलमध्ये टायमर नसतो, तिथे कार्ड आणि सेन्सर बघावे लागतात.

मीटरवाचक
तात्पुरता उपाय म्हणून प्लग काढून दोन्ही दारं रात्रभर उघडी ठेवली तर?

थंडयंत्र (मेकॅनिक)
जाळी मोकळी होते आणि फ्रीज आठ-दहा दिवस चालतो. तेवढ्यात पुन्हा बुजला, तर दोष डीफ्रॉस्टचा हे निश्चित. चालू करताना पाच मिनिटं थांबा, कॉम्प्रेसरला लगेच झटका देऊ नका.

नवी_गृहिणी
आमच्या जुन्या फ्रॉस्ट फ्रीमध्ये भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतं. तेही हेच का?

थंडयंत्र (मेकॅनिक)
बहुधा नाही, ताई. जाळीखालचं पाणी वाहून जायचं भोक बर्फाने किंवा घाणीने बुजलंय. पॅनल काढून कोमट पाण्याची पिचकारी मारा आणि मागच्या बाजूला कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये पाणी येतंय का पाहा. तिथे थेंब पडायला लागले की मार्ग सुटला.

गावाकडचा
बाटल्यांचं करून बघतो. पण साचलेला थर वीज किती खातो, हे कुणी मोजलंय का?

मीटरवाचक
एकदाच मोजलं. अंगठ्याइतका थर असताना ०.९५, काढल्यावर तिसऱ्या दिवशी ०.७२. पण मधल्या काळात पाऊस पडून हवा गार झाली होती, त्यामुळे सगळा फरक बर्फाचाच असं म्हणवत नाही. मे महिन्यात पुन्हा मोजेन.