मदत हवी आहे: आंबे मोजणाऱ्या गणूची गोष्ट, पण मुलं पाढा म्हणून मोकळी होतात

शनिवारची_ताई

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका शाळेत दर शनिवारी सहावीच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवते. लूपसाठी एक गोष्ट लिहिली आहे. गणू, वय वर्षं 11, मंडईजवळच्या एका फळवाल्या काकांकडे कामाला आहे. काका म्हणतात, "तीन टोपल्या आहेत, प्रत्येकीत बारा आंबे, मोजून सांग." गणू एकेक आंबा उचलतो, पाटीवर रेघ ओढतो, टोपली संपली की पुढची घेतो. एकच काम पुन्हा पुन्हा करतोय हे त्याच्या लक्षात येतं, मग लूप.

वाचून संपते न संपते तोच पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "ताई, बारा त्रिक छत्तीस. तो मोजत कशाला बसला?" वर्ग हसला. मीही हसले, पण तिचं काही चुकलं नव्हतं. गोष्ट कुठे बदलू?

गुलटेकडीकर

आमचा मार्केट यार्डात गाळा होता, म्हणून सांगतो. एकेक आंबा कोणी मोजत नाही हो! दोन्ही हातांत दोन-दोन, एका खेपेला चार. तीन खेपा की डझन. आणि पहिल्या खेपेला "एक" म्हणायचं नाही, "लाभ" म्हणायचं. लाभ, दोन, तीन. वडील धान्य मापतानाही तसंच म्हणायचे. पेटी घेणार असाल तर अक्षय्य तृतीयेची गर्दी ओसरल्यावर घ्या, भाव उतरतो.

शनिवारची_ताई

काका, पेटी नकोय, गोष्ट हवीय :) पण "लाभ" मी उचलणार.

शून्यवीर

सोपं आहे. संगणक शून्यापासून मोजतो. गणूलाही शून्यापासून मोजायला लावा: शून्य, एक, दोन. पाढ्याचा प्रश्नच येणार नाही.

जुना_कोडर

शून्यवीर, तसं मोजलं तर बारा आंब्यांच्या टोपलीत शेवटचा आंबा "अकरा" म्हणून बाहेर येईल आणि गणू काकांना अकरा सांगेल. शून्यापासून असतो तो जागांचा क्रमांक, म्हणजे पहिली टोपली 0 नंबरची. मोजणीत शून्य येतं ते पहिला आंबा उचलण्याआधी, पाटी कोरी असताना. गोष्टीत ते आलंच पाहिजे, पण तोंडाने "शून्य" म्हणत आंबा उचलायचा नाही.

ताई, तुमची खरी अडचण वेगळी आहे. सगळ्या टोपल्या सारख्या भरल्यात, म्हणून पाढा पुरतो. 12, 15, 9 असे आंबे ठेवा आणि आकडे गणूला आधी सांगू नका. मग "किती वेळा" हे त्याला आधी ठाऊक नसतं, टोपली रिकामी दिसली की थांबायचं एवढंच ठाऊक असतं. बेरीज करता येईल, पण कशाची बेरीज ते मोजल्याशिवाय कळणार नाही.

दुसरं, काकांना दोन गोष्टी मागायला लावा: प्रत्येक टोपलीवर तिच्या आकड्याची चिठ्ठी, आणि शेवटी एकूण किती. गणूकडे पाटी एकच. आता गंमत बघा. पाटी तो अजिबात पुसत नाही असं धरू. मग चिठ्ठ्या 12, 27, 36 अशा लागतात. एकूण बरोबर, पण नऊ आंब्यांच्या टोपलीवर छत्तीसची चिठ्ठी. काका रागावतात. दुसऱ्या दिवशी तो प्रत्येक टोपलीआधी पाटी पुसतो. चिठ्ठ्या 12, 15, 9, अगदी बरोबर, आणि एकूण विचारलं तर "नऊ". मुलांना इथेच थांबवा आणि विचारा, गणूला काय हवंय? कोणीतरी दुसरी पाटी म्हणेलच. मग पुढचा प्रश्न: कुठली पाटी कधी पुसायची? नवशिक्यांचा अर्धा गोंधळ इथेच असतो.

```python
टोपल्या = [12, 15, 9]
एकूण = 0
for आंबे in टोपल्या:
    चिठ्ठी = 0
    while आंबे > 0:
        आंबे = आंबे - 1
        चिठ्ठी = चिठ्ठी + 1
        एकूण = एकूण + 1
    print(चिठ्ठी)
print(एकूण)
```

`एकूण = 0` ही ओळ उचलून `चिठ्ठी = 0` च्या शेजारी ठेवली की शेवटी 36 ऐवजी 9 छापलं जातं. मुलांना स्वतः करून बघू द्या. (अवांतर: पायथन 3 मध्ये नावं देवनागरीत चालतात. पण कोडमध्ये आकडा म्हणून ४ लिहिलात तर चालत नाही, 4 च लागतो.)

शनिवारची_ताई

बाप रे, हे आवडलं. दोन पाट्या तर वर्गात खरोखरच ठेवता येतील. गुलटेकडीकर काकांची चार-चारची खेप घालू का? मुलांना मजा येईल.

जुना_कोडर

घाला, पण जपून. बाराच्या टोपलीत तीन खेपा, सगळं चोख. पंधराच्या टोपलीत तीन खेपांनंतर तीनच आंबे उरतात. गणू "टोपली रिकामी नाही" एवढंच बघत असेल आणि हातात किती आले ते न बघता दर खेपेला चार मिळवत असेल, तर तो सोळा म्हणणार. नऊच्या टोपलीला बारा. एकूण 40. डझनाच्या टोपल्यांवर ही चूक कधी दिसणारच नाही. पहिल्या तासाला एकेक आंबाच बरा.

गुलटेकडीकर

आमच्याकडे शेवटच्या खेपेला "तीन सुटे" असं वेगळं ओरडायचे. त्याशिवाय चिठ्ठी लिहीत नसत.

जुना_कोडर

काका, हीच ती अट जी मुलं विसरतात.

आईच्या_नजरेतून

मला कोड कळत नाही, पण 11 वर्षांचा मुलगा दुकानात कामाला? 14 वर्षांखालचा नको. मुलं असं वाचून ते नेहमीचंच समजतात. आणि एक शंका. माझ्या मुलीला हे वाचून दाखवलं तर तिने विचारलं, एक टोपली आधीच रिकामी असली तर?

जुना_कोडर

मुलीला शाबासकी द्या. गणू आधी बघतो आणि मग हात घालतो, तर त्या टोपलीवर 0 ची चिठ्ठी लागते. आधी हात घालतो आणि मग बघतो, तर नसलेल्या आंब्याची रेघ पाटीवर येते. वरच्या कोडमध्ये while आधी बघतं, म्हणून यादीत 0 टाकला तरी बिघडत नाही. ताई, रिकामी टोपली शेवटी ठेवा. म्हणजे पाटी चुकीच्या वेळी पुसणाऱ्या गणूचं एकूण "शून्य" येईल आणि समोर आंब्यांचा ढीग असेल. नऊ हा आकडा एखाद्याला खरा वाटू शकतो, शून्य कोणालाच वाटणार नाही.

शून्यवीर

पण सहावीला एकात एक दोन लूप जड जातील. आधी एकच टोपली घ्या ना.

जुना_कोडर

एकाच टोपलीत पाटी कधी पुसायची हा प्रश्नच उरत नाही. मी दोन्हीच घेईन. तुमचा वर्ग वेगळा असू शकतो, हे मान्य.

शनिवारची_ताई

गणू आता बारावीची परीक्षा देऊन काकांकडे आलेला भाचा आहे. टोपल्या 12, 15, 9 आणि एक रिकामी. या शनिवारी अर्ध्या वर्गाला एक टोपली देते, अर्ध्याला चार, आणि इथे येऊन सांगते. एकच अडलंय: "लाभ" म्हणजे एक, हे मुलांना आधी सांगू, की गणूला पहिल्या आंब्याला "लाभ" म्हणू दे आणि रेघ ओढायचीच विसरू दे?

गुलटेकडीकर

विसरू द्या. मी पहिल्या दिवशी विसरलो होतो.