मस्करी, टिंगल की छळ? ऑफिसमधल्या चिडवण्याला नेमका शब्द कोणता

अक्षरवेल:
एक शब्द हवाय, जरा घाई आहे. माझ्या एका मैत्रिणीला ऑफिसात तिच्या उंचीवरून 'दीडफुटी' म्हणतात. सुरुवातीला दोघंतिघं म्हणायचे, आता मीटिंगमधे पण "दीडफुटी, तू सांग" असं चालतं, नवीन आलेल्या पोराने तर तिचं खरं नावच विचारलं नाही. तिने तक्रारीचा मेल लिहिला त्यात "सहकारी माझी मस्करी करतात" असं लिहिलं, तर मॅनेजर म्हणाला मस्करीच आहे ना मग तक्रार कसली. 'छळ' लिहिलं तर म्हणतील एवढं काय झालंय, कोणी हात लावलाय का. या दोन्हीच्या मधला शब्द कोणता?

गंमतजंमत:
उंचीवरून नाव ठेवायचं तर 'छोटीशी' किंवा 'चिमणी' छान वाटेल की, गोड पण आहे.

अक्षरवेल:
नाही हो, नवीन टोपणनाव नकोय. जे चाललंय त्याला काय म्हणायचं ते विचारतेय.

उकार:
शब्दाच्या आधी प्रत्यय बघा, मराठीत खरी मेख तिथे आहे. 'माझ्याशी मस्करी करतात' आणि 'माझी मस्करी करतात' दोन्ही बरोबर आहे पण अर्थ एक नाही. 'शी' आला की समोरचा माणूस त्या खेळात आहे, तोही उलटून काही बोलू शकतो. 'ची' आला की तो नुसता विषय झाला, बोलणारे वेगळे हसणारे वेगळे. थट्टा, मस्करी, चेष्टा या तिन्हींना दोन्ही प्रत्यय लागतात. आता टिंगल घ्या, 'माझ्याशी टिंगल करतो' असं कोणी म्हणतच नाही, 'माझी टिंगल'च. टवाळी, हेटाळणी, कुचेष्टा यांचंही तेच, खिल्ली आणि टर तर 'उडवतात', तीही कोणाचीतरीच. म्हणजे भाषेनेच दोन गट करून ठेवलेत, एकात दोघं मिळून हसतात आणि दुसऱ्यात एकाला हसतात. तुमच्या मैत्रिणीने 'ची' बरोबर लिहिला होता पण सोबतचा शब्द दोन्हीकडे चालणारा निवडला, म्हणून मॅनेजरला त्याच्या सोयीचा अर्थ घेता आला.

सरळरेघ:
हे पटलं पण शेवटी हेतू महत्त्वाचा. मनात वाईट नसेल तर ती मस्करी, दुखवायचंच असेल तर कुचेष्टा, एवढं सोपं आहे. आमच्याकडे सगळे एकमेकांना जाड्या काळ्या म्हणतात, कोणाला काही वाटत नाही.

उकार:
कुचेष्टेपुरतं तुमचं खरं आहे, त्यात 'कु' आहेच, वाईट हेतू शब्दातच आला. टिंगलीत तसं नाही, ती नुसत्या टाइमपाससाठीही होते आणि तरी टिंगलच राहते. ब्रिटनमधे 2010 चा समानता कायदा आहे, त्यात वंश, लिंग, अपंगत्व अशा ठरावीक गोष्टींवरून कामाच्या जागी होणाऱ्या छळाची व्याख्या करताना हेतू किंवा परिणाम, दोन्हीपैकी एक पुरे असं धरलंय. मात्र परिणाम बघताना समोरच्याला काय वाटलं, परिस्थिती काय होती आणि तसं वाटणं वाजवी होतं का हेही बघतात, म्हणजे कोणी नुसतं दुखावलं की झाला छळ असंही नाही.
आणि 'कोणाला काही वाटत नाही' हे तुम्ही विचारून सांगताय की चेहऱ्यावरून?

सरळरेघ:
विचारलं नाही. पण हसतात सगळे.

पाणपोई:
हसण्याबद्दल मला बोलायचंय. मी बोलताना 'ण' चा 'न' होतो, घरी सगळे तसंच बोलतात. कामावर लागलो आणि पहिल्याच आठवड्यात 'पानी आनी लोनी' असं सुरू झालं, मी पण हसलो कारण नवीन होतो आणि न हसणारा माणूस लगेच एकटा पडतो. मग ते नावच झालं, पानीवाला. वर्षभराने एकाला बाजूला घेऊन सांगितलं की आता बस कर, तर तो मनापासून आश्चर्याने म्हणाला अरे तू तर सगळ्यात जास्त हसायचास. माझंच हसणं माझ्या विरुद्ध पुरावा म्हणून वापरलं. तोपर्यंत मी मीटिंगमधे 'ण' असलेले शब्द टाळायला लागलो होतो, पुढे बोलायचंच बंद केलं, आणि माझ्या अप्रेजलमधे आलं की पुढाकार घेत नाही. याला काय म्हणायचं ते मला पण माहीत नाही पण मस्करी नक्की नाही.

सायसाखर:
पानपोई, वाचून खूप वाईट वाटलं.
(सॉरी सॉरी, 'पाणपोई' लिहायचं होतं, टायपो झाला, खरंच मुद्दाम नाही.)

पाणपोई:
कळलं हो, काही हरकत नाही :)

सायसाखर:
हेतूवरून डॅरेन सॅमी आठवला. 2020 मधे त्याने सांगितलं की आयपीएलमधे सनरायझर्सकडून खेळताना त्याला आणि थिसारा परेराला 'कालू' म्हणायचे, त्याला वाटायचं याचा अर्थ दणकट घोडा असा काहीतरी आहे. खरा अर्थ कळल्यावर तो प्रचंड चिडला. नंतर त्यानेच सांगितलं की त्यातल्या एकाशी बोलणं झालं, तो म्हणाला प्रेमाने म्हणायचो, आणि सॅमीने ते मानलं. आता उकार यांच्या हिशोबाने हे 'शी' की 'ची'? ज्याला शब्दाचा अर्थच माहीत नाही तो खेळात आहे असं कसं म्हणणार?

उकार:
चांगला प्रश्न आहे. मला वाटतं 'ची'च. म्हणणाऱ्याच्या डोक्यात 'शी' असेल, तो खोटं बोलतोय असंही नाही, पण सॅमीला अर्थ माहीत नसल्यामुळे नको म्हणायची संधीच मिळाली नव्हती. बोलणारा बहुतेक वेळा 'मी तिच्याशी मस्करी करत होतो' म्हणतो आणि ऐकणारी 'माझी मस्करी करत होते' म्हणते, प्रसंग एकच. दोघांचं वाक्य जुळत नाही तिथेच गडबड ओळखायची.
मेलबद्दल. शब्द शोधण्यात वेळ घालवू नका, घडलं ते लिहा. तारीख, कोण, कुठे, काय शब्द, कोण हजर होतं, आणि तिने नको म्हटल्यावर काय झालं. नको म्हटल्यावर थांबले तर विषय मिटतो, 'हिला विनोद कळत नाही' म्हणून आणखी जोरात सुरू झालं तर ते वाक्य जसंच्या तसं लिहा. तिने नको म्हटलंय का आधी?

अक्षरवेल:
दोनदा. दुसऱ्यांदा म्हटल्यावर एकाने टेबलावर फूटपट्टी आणून ठेवली.

उकार:
मग पहिलं वाक्य हेच लिहा. अमुक तारखेला मी या नावाने हाक मारू नका असं सांगितलं, त्यानंतर अमुक तारखेला माझ्या टेबलावर फूटपट्टी ठेवली. याला मस्करी म्हणायचं तर मॅनेजरला ते स्वतःच्या मेलमधे लिहून द्यावं लागेल. फूटपट्टीचा फोटो असेल तर जोडा.

सरळरेघ:
फूटपट्टी जास्तच झाली. मान्य. पण टोपणनाव ठेवणं सरसकट वाईट म्हणू नका, आमच्या टीममधे त्यानेच जवळीक झाली.

अंगणवेल:
सरसकट कोणी म्हणत नाहीये. आपल्याकडे 'नाव ठेवणे' म्हणजे बारसं आणि 'नावं ठेवणे' म्हणजे दोष काढणे, फरक एका अनुस्वाराचा. कवी लेखक टोपणनाव स्वतः निवडायचे, नको झालं तर सोडूनही देता यायचं. ऑफिसातलं नाव दुसरे देतात आणि परत करायची सोय नसते, मला तरी हाच फरक वाटतो.
मूळ प्रश्नाला माझं उत्तर 'जाच'. छळापेक्षा लहान आणि रोजचा, थोडाथोडा.

उकार:
जाच चांगला आहे पण ऐकलं की पहिल्यांदा सासर आठवतं, ऑफिसच्या मेलमधे विचित्र वाटेल का? 'हेटाळणी' मला जास्त नेमका वाटतो, त्यात कमी लेखणं स्पष्ट आहे. फक्त तो पुस्तकी आहे, बोलताना कोणी वापरत नाही.

पाणपोई:
मला विचाराल तर जाच. रोज सकाळी लिफ्टमधे उभं राहिलं की पोटात गोळा यायचा, हेटाळणी या शब्दात ते येत नाही.

अक्षरवेल:
तिला दोन्ही दाखवले. विषयात 'वारंवार हेटाळणी' लिहितेय, आत सगळं तारखेनुसार, फूटपट्टीसकट. मेल आज संध्याकाळी जाईल, काय उत्तर येतंय ते कळवते.