नव्वद सेकंदांचा किस्सा आणि शेवटचं ‘तात्पर्य’

कडकभाकरी
कार्यशाळेत स्पर्धेत सांगायच्या ९० सेकंदांच्या किश्शाचा साचा दिला. २५ सेकंद प्रसंग, २५ ताण, २० वळण, २० बोध. साचा पाळा, बक्षीस घ्या. ज्यांना जमत नाही तेच साच्याला नावं ठेवतात.

जुना परीक्षक
गप्प बसणार होतो, पण शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातला चहा गार झाला.

चार भाग बरोबर आहेत, वाटणी चूक आहे. परवा एका मुलाची तयारी करून घेत होतो. घरचे चार यंत्रमाग, टॉवेलचं काम. त्याची सुरुवात अशी: आजोबा तेलंगणातून कसे आले, पहिला माग कसा घेतला, आई विड्या वळायची. मोबाइलवर वेळ लावली. ५२व्या सेकंदाला गोष्टीतली रात्र उजाडली! उरलेल्या ३८ सेकंदांत ताण, वळण, बोध सगळं कोंबलं.

मी म्हटलं, आधी वळण सांग. एकच वाक्य, आणि हातानं काय केलंस ते, मनात काय आलं ते नको. तो म्हणाला, “खराब टॉवेल मी गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवले.” आता इथून उलटं मागं जायचं. हे वाक्य कळायला ऐकणाऱ्याला काय काय माहीत पाहिजे? रात्री तो एकटाच मागांवर होता. डुलकी लागली. तीन नंबरच्या मागावर ताण्याचा एक धागा तुटला, माग चालतच राहिला, आणि अकरा टॉवेलांवर उभी रेघ आली. सकाळी व्यापारी येणार. बास. आजोबा गेले, विड्या गेल्या, प्रसंग १२ सेकंदांत आटोपला.

वाचलेले सेकंद ताणाला द्यायचे. “मी खूप घाबरलो” म्हणजे ताण नव्हे. दोन वाटा पाहिजेत आणि दोन्हींत नुकसान पाहिजे. टॉवेल मधे दडवले तर आजचे पैसे सुटतात, पण गठ्ठा सुटला की पुढचं काम जातं. दाखवले तर पैसे कापले जातात, आणि बापाला कळतं की पोरगा झोपला होता. इथं खुशाल ४० सेकंद घालवा. बसलाय का हे बघायचं असेल तर तिथंच थांबून समोरच्याला विचारा, पुढं काय केलं असेल? तो “दडवले असणार” किंवा “सांगितलं असणार” असं काहीतरी ठामपणे बोलला तर ताण बसला. “काय की” म्हणाला तर परत लिहा.

कडकभाकरी
आणि बोध? की तोही कापून टाकला?

जुना परीक्षक
८ सेकंद, एक वाक्य. त्यानं लिहिलं होतं, “प्रामाणिकपणा हेच खरं भांडवल.” हे वाक्य पाकीट परत केल्याच्या किश्शालाही चालतं, म्हणजे ते त्याचं नाही. आता तो म्हणतो, “तेव्हापासून गठ्ठा बांधताना खराब माल आधी वर येतो.” सवय सांगितली की बोध आपोआप पोचतो.

पार्कचौकी
तेही कशाला? लोक काय शाळेत आहेत? वळणावर थांबा आणि खाली बसा. मी नेहमी असंच करतो.

जुना परीक्षक
मित्रांच्या कट्ट्यावर बरोबर आहे. स्पर्धेत वळणावर थांबलात तर निम्म्या लोकांना वाटतं पोरगा विसरला. टाळ्या उशिरा आणि बिचकत येतात, ऐकून बघा.

निवृत्त बाई
तुमचं सगळं विदेशी बघा. नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंग, म्हणजे तत्त्व, आणि मग उत्तररंगात आख्यान. बोध आधी सांगूनही लोक रात्र रात्र बसतात. मी परिपाठात सुविचार आधी आणि गोष्ट नंतर अशी कित्येक वर्षं चालवली.

जुना परीक्षक
बाई, कीर्तनाला माणूस तत्त्व ऐकायलाच येतो, आणि बुवांकडे दोन तास असतात. ९० सेकंदांत आधीच “प्रामाणिक राहा” म्हटलं की टॉवेलांचं काय झालं हे सगळ्यांना कळलं. तुमचा मुद्दा लांब भाषणाला मान्य. परिपाठाचं मात्र त्या पोरांनाच विचारायला पाहिजे.

निवृत्त बाई
टोमणा कळला.

होटगी रोड
मला मुलाखतीत “स्वतःबद्दल सांगा” विचारतात. मी जन्मगावापासून सुरू करतो. हाच साचा का?

पार्कचौकी
जन्मगावापासून सुरू करता म्हणूनच परत परत विचारतात.

कांडीवाला
तो टॉवेलवाला मीच. एक अडचण आहे. घरी आम्ही तेलुगू बोलतो. पहाटे बाप आला, रेघेवरून हात फिरवला आणि एकच शब्द बोलला, “निद्रपोयावा?” सर म्हणतात तसाच ठेव. कॉलेजातल्या एकांनी खोडून लिहिलं, “बाळा, तुला झोप लागली होती का?” माझ्या बापानं मला जन्मात बाळा म्हटलेलं नाही.

निवृत्त बाई
मराठी स्पर्धेत मराठीच बोलावं. उद्या कोणी कन्नड आणेल, परवा कोणी “काय बे, लई” करत येईल.

पार्कचौकी
आणेल ना! सोलापूर आहे हे! अर्ध्या गावाची आई एका भाषेत ओरडते आणि शाळा दुसऱ्या भाषेत. मी नववीत “लई” म्हटलं म्हणून माझे गुण कापले होते. लई म्हणजे लई, “खूप” नाही. अजून डोक्यात आहे ते.

निवृत्त बाई
तेव्हा बरोबरच कापले. प्रमाणभाषा शिकवली नसती तर आज इथं एवढं लिहिता आलं असतं का?

पार्कचौकी
म्हणजे आता उपकारही तुमचेच.

होटगी रोड
आमच्याकडं चार दिवसाआड पाणी येतं, त्यावर कोणी एवढं भांडत नाही.

जुना परीक्षक
पाणी बाजूला ठेवू. निवेदन कुठल्या मराठीत करायचं हे बाई आणि पार्कचौकींनी खुशाल ठरवावं. पण दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य त्याच्याच भाषेत पाहिजे, कारण ताण तिथंच ऐकू येतो. अर्थ सांगायला थांबू नकोस, पुढचं वाक्य अर्थ सांगेल असं ठेव: “मी मान हलवली. हो, झोपलो होतो.” पुण्यात बोललास तरी कळेल.

निवृत्त बाई
संवादापुरतं ठीक. निवेदनात नाही.

पार्कचौकी
बाईंनी “ठीक” म्हटलं. तारीख लिहून ठेवा.

कडकभाकरी
बरं, २५-२५ ची वाटणी मागे घेतो. कार्यशाळेची फी परत मिळत नाही हेही आताच कळलं. पण मला सांगा, शब्द किती?

जुना परीक्षक
माझ्या बोलण्याच्या वेगात ९० सेकंदांत १७०-१८० शब्द बसतात. तुमचा वेग मोबाइलवर मोजा. कागदावर मात्र १५० ला थांबा, कारण वळणाआधी दोन सेकंद गप्प राहायचंय आणि हशा आला तर तोही वेळ खातो. स्टेजवर घाईनं बोललात तर शेवटी सेकंद उरतात. ते उरू द्या, बोधात भरू नका.

कांडीवाला
आत्ता लावून बघितलं, ८४ सेकंद. “निद्रपोयावा” ठेवलं. आणि आजोबा परत घातलेत, सर. काढणार नाही.

जुना परीक्षक
कुठं घातलेस?

कांडीवाला
सुरुवातीला नाही. ज्या खुर्चीत मला डुलकी लागली ती त्यांची होती. एवढंच.

जुना परीक्षक
मग राहू दे. ९१ झाले तर मला सांगू नकोस.