मदत हवी आहे: रोटावर प्रॉडक्ट गायब होतंय आणि बंपिंग पण होतंय

सायली_केम
कृपया लवकर सांगा, उद्या गाईडला वजन सांगायचंय. कॉलम एकदम स्वच्छ झाला, सगळे फ्रॅक्शन एकत्र करून रोटाला लावले, बाथ 60, व्हॅक्यूम फुल. आधी अर्धं उसळून बंप ट्रॅपमध्ये गेलं, ते परत घेतलं, मग सगळं कोरडं होईपर्यंत चालवलं आणि हातात 2.1 ग्रॅम. यायला हवं होतं 5.6 च्या आसपास. टीएलसीत स्टार्टिंग मटेरियल नव्हतंच. बाथ किती ठेवू?

जुना_फ्लास्क
बाथ किती ते नंतर. कंपाउंड कोणतं, सॉल्व्हंट कोणतं, आरबी केवढा, व्हॅक्यूम फुल म्हणजे गेजवर किती, कंडेन्सरला चिलर की नळ? यातलं एकही लिहिलेलं नाहीस.

प्रोसेसवाला
60 जास्तच आहे. 30 वर ठेव आणि सावकाश काढ. व्होलाटाइल माल म्हटलं की बाथ थंड, एवढं सोपं आहे.

सायली_केम
कंपाउंड साधं आहे हो, पी-क्रेसॉलचं मिथिलेशन, 5 ग्रॅमवर. कॉलम हेक्झेनमध्ये 5 टक्के इथाइल अ‍ॅसिटेट. आरबी एक लिटरचा, सातशे मिली तरी भरला असेल. गेज 700. चिलर बंद पडलाय म्हणून नळाचं पाणी.

रविवारची_टीएलसी
बंपिंगसाठी दोन-चार पोर्सिलीनचे तुकडे टाक, आमच्याकडे सगळे टाकतात, काम होतं.

जुना_फ्लास्क
तुकडे साध्या डिस्टिलेशनला ठीक. रोटावर फ्लास्क फिरतोय हेच ढवळणं, तिथे तुकड्यांचा खास उपयोग नाही. उसळतंय ते लिटरच्या आरबीत सातशे मिली भरलंय म्हणून. अर्ध्याच्या वर कधीच भरू नये, मी तर तिसरा हिस्साच भरतो, उरलेलं नंतर घालायचं.
सायली, 700 कसले? मिलीबार की डायलवरचे? आणि लॅब कुठे आहे, मुंबई की पुणे? विचारण्याला कारण आहे.

सायली_केम
डायलवरचे, शून्यापासून 760 पर्यंत काटा आहे तो. पुणे. पण गावाचा काय संबंध??

जुना_फ्लास्क
आहे संबंध. तो काटा आत किती दाब उरलाय ते दाखवत नाही, बाहेरच्या हवेपेक्षा किती कमी झालाय ते दाखवतो. पुणे उंचावर, तिथे हवाच साधारण 710 मिमी. 700 दाखवतोय म्हणजे आत उरले फक्त 10 मिमी. तुझं 4-मिथाइल अ‍ॅनिसोल एरवी 175 ला उकळतं, पण 10 मिमीला ते साधारण साठीच्या घरात येतं. बाथ 60. म्हणजे शेवटी तू सॉल्व्हंट काढत नव्हतीस, प्रॉडक्ट डिस्टिल करत होतीस. डायल इतक्या टोकाला दहा-पंधरा मिमी सहज चुकतो, त्यामुळे आकडा अगदी तोच धरू नकोस, पण दिशा हीच.

प्रोसेसवाला
म्हणजे मी म्हटलं तेच, बाथ कमी कर.

जुना_फ्लास्क
नाही, तेच नाही. 60 चा बाथ गुन्हेगार नाही, शेवटचं 700 आहे. हेक्झेन 40 ला उकळवायला साधारण 360 मिलीबार लागतात, म्हणजे 270 मिमी. पुण्यात 710 वजा 270, काटा 440 वर. त्या दाबाला तुझं प्रॉडक्ट 130 च्या वरच उकळेल, बाथ 60 असला तरी जागेवर राहील, थोडीशी वाफ जाईल तेवढी. आणि बाथ 30 ठेवून पंप फुल सोडलास तर हेक्झेन बाहेरच्या बाहेर उडून पंपात जाईल, नळाचं पाणी ते थांबवू शकणार नाही.

प्रोसेसवाला
आमच्याकडे प्लांटमध्ये थंड बाथनेच काढतात, वर्षानुवर्षं.

रविवारची_टीएलसी
प्लांटमध्ये तुमच्याकडे ब्राइन असतं हो, तिला मे महिन्यातलं नळाचं पाणी आहे, 28-30 डिग्रीचं. आपला नियम वाफ 40, पाणी 20, मध्ये 20 चा फरक. इथे दहाच उरतोय. बर्फाची बादली आणि छोटा पंप लावून पाणी फिरव, आम्ही तसंच करतो.

जुना_फ्लास्क
बर्फाची बादली चांगली. ती नसेल तर वाफ 50 ला आण, हेक्झेनला काटा 305 च्या आसपास, बाथ 65. हळू जाईल पण कंडेन्सरमध्ये सापडेल.
आता क्रम. आरबी लाव, क्लिप लाव, फिरवायला सुरू कर, मग पंप. बाथमध्ये अजून उतरवू नकोस. वरचा कॉक उघडा ठेवून हळूहळू बंद कर, गार फ्लास्कमध्येच थोडे बुडबुडे येऊन जातात ते जाऊ दे, मग खाली उतरव. तू बहुतेक आधी गरम करून मग एकदम व्हॅक्यूम दिलास, तिथेच उसळलं. फेस मानेकडे चढताना दिसला की कॉक क्षणभर उघडायचा, फेस बसतो, परत बंद. पहिली दहा मिनिटं हात कॉकवरच ठेवायचा, मोबाइलवर नाही. काढताना आधी बाथमधून वर, फिरणं बंद, हवा आत, एक हात आरबीखाली, पंप सगळ्यात शेवटी बंद. आणि आरबीला चांदणीसारखा तडा दिसला तर तो व्हॅक्यूमला लावूच नकोस.

अत्तरवाले_काका
नमस्कार, वाचून बरं वाटलं. माझा वाळ्याच्या तेलाचा घरगुती प्रयोग चालू आहे, अल्कोहोल काढताना वास निघून जातो. कोणता रोटा घ्यावा, दोन लिटरचा की पाच?

रविवारची_टीएलसी
काका, वेगळा धागा काढा ना. आणि वाळ्याचं तेल तसं जड असतं, सगळा वास नाही जाणार, वरवरचा जो हलका भाग असतो तोच जात असेल. अल्कोहोल घरात काढताय तर आधी वायुवीजन बघा, रोटाचं नंतर.

सायली_केम
ठीक आहे पण माझं गेलेलं प्रॉडक्ट परत येईल का?? रिसिव्हर अजून टाकलेला नाही.

जुना_फ्लास्क
मग टाकू नकोस! हे आधी सांगायला हवं होतंस. त्यातलं थोडं टीएलसीवर लाव, यूव्हीत दिसेल. प्लेट गरम करू नकोस, लगेच बघ, हा स्पॉट प्लेटवरून पण उडतो. सापडलं तर परत रोटाला लावू नकोस, साध्या दाबावर छोटा विग्रो कॉलम लावून हेक्झेन आणि इथाइल अ‍ॅसिटेट काढ. ते 70-77 ला येतात, तुझं 175 ला, मध्ये शंभराचं अंतर आहे. मात्र पूर्ण कोरडं करू नकोस. आणि हीटिंग मँटल वापर, हेक्झेन आहे, उघडी ज्योत नको.

रविवारची_टीएलसी
शेवटचं हेक्झेन काढायच्या नादात माल घालवू नकोस. एनएमआर घे, किती हेक्झेन आणि किती इथाइल अ‍ॅसिटेट उरलंय ते इंटिग्रेशनवरून काढ आणि वजनातून वजा कर. पुढच्या वेळी कॉलमच पेंटेनमध्ये घाल, ते 36 ला जातं.

प्रोसेसवाला
पेंटेनचा खर्च कोण देणार? आणि मे महिन्यात पेंटेन म्हणजे बाटली उघडली की संपलं.

सायली_केम
टीएलसी केली, रिसिव्हरमध्ये स्पॉट आहे, बऱ्यापैकी गडद! पंपाच्या बाजूच्या ट्रॅपमध्ये पण थोडं द्रव दिसतंय, तेही एकत्र करू का? त्यात पाणी असल्यासारखं वाटतंय.

जुना_फ्लास्क
एकत्र करू नकोस, आधी वेगळी टीएलसी. पाणी असेल तर थर वेगळा होईल, वरचा घे आणि सोडियम सल्फेटवर वाळव. तीन ग्रॅमच्यावर गेलंय, सगळं रिसिव्हरमध्येच असेल असं नाही, काही पंपातून बाहेर पण गेलं असेल. रिसिव्हरमधलं किती भरतं ते इथे लिही.

अत्तरवाले_काका
वायुवीजन आहे, खिडकी आहे. दोन लिटरचाच घेऊ का मग?