मदत हवी आहे: नॉर्मल टेबलमध्ये उलटं बघताना ०.४५०० सापडत नाही, z कोणता घ्यायचा?

सांगलीत बी.कॉम.ला आहे. गणित असं: बेदाण्याच्या १५ किलोच्या बॉक्सचं वजन नॉर्मल आहे, प्रमाण विचलन ८० ग्रॅम. जास्तीत जास्त ५% बॉक्स १५ किलोच्या खाली जावेत, तर मशीन सरासरी किती वजनावर लावायचं?

आमचं टेबल ० ते z पर्यंतचं क्षेत्रफळ देतं. त्यामुळे ०.०५ थेट आत शोधत नाही, ०.५० मधून वजा करून ०.४५०० शोधते आणि बाजू डावी म्हणून z ऋण घेते. इथवर शंका नाही. १०% ला ०.४००० च्या जवळ ०.३९९७ आहे, १.२८ सरळ मिळतो. पण १.६४ ला ०.४४९५ आणि १.६५ ला ०.४५०५, म्हणजे ०.४५०० बरोब्बर मध्ये. मैत्रिणीच्या टेबलमध्ये डावीकडचं पूर्ण क्षेत्रफळ आहे, तिथेही ०.९४९५ आणि ०.९५०५, तोच पेच.

१.६४ ने उत्तर १५,१३१.२ ग्रॅम येतं, १.६५ ने १५,१३२. फरक एक ग्रॅमही नाही, पण १.६४ घेतला तर टेबलप्रमाणे ५.०५% बॉक्स कमी भरतात, म्हणजे अट मोडते.

परीक्षेत छापील टेबल आणि साधा कॅल्क्युलेटरच चालतो. अशा वेळी मधला १.६४५ घ्यायचा, की "जास्तीत जास्त" असं म्हटलंय म्हणून १.६५?