ड्यूटी एवढी, तरी सोनं 'डिस्काउंट'ला कसं?

मंदार, नौपाडा: 2023 मध्ये आयात शुल्क 15 टक्के होतं. तरी झवेरी बाजारात सोनं अधिकृत भावाच्या खाली मिळतंय, अशा बातम्या यायच्या. कर भरून आणलेला माल कोण तोट्यात विकेल? माझ्या मते चोरट्या बाजाराला हे शुल्कच पोसतं.

स्मिता: सूट तर मलाही मिळाली होती! जांभळी नाक्यावर पाटल्या केल्या, तेव्हा घडणावळीत बरेच कमी केले त्यांनी.

शेखर, वाशी: स्मिताताई, घडणावळ दुकानदाराच्या हातातली. इथे चाललंय ते चोख सोन्याच्या घाऊक भावाचं. मी पंचवीस वर्षं त्याच बाजारात काढली.

मंदार, हिशोब सोपा आहे. परदेशात किलोचा भाव 60 लाख धरा. 15 टक्के म्हणजे 9 लाख, बँकेचं सोनं 69 लाखांना पडलं. चोरून आणणाऱ्याला माणूस, हवाला, गाळणी आणि पकडलं जाण्याची जोखीम धरून 4 लाख लागले, तरी त्याचं 64 मध्ये आलं. तो रोखीत 67 ला देतो. दहा तोळ्यांच्या बिस्किटावरचा परदेशी शिक्का मुशीत गेला की ते कुठून आलं, हे कारागिरालाही सांगता येत नाही. बँकेकडून आणणारा 67 ला उतरूच शकत नाही. तो स्वतःचं मार्जिन सोडतो, थोडं खाली देतो, तेवढाच बातमीतला डिस्काउंट. मग तो आयातच थांबवतो.

निखिल: म्हणजे डिस्काउंट दिसला की तस्करी वाढली समजायचं.

शेखर, वाशी: तसं नाही रे. भाव एकदम चढला की लोक जुनं सोनं मोडतात, नवं कुणी घेत नाही, तेव्हाही डिस्काउंट पडतो. ऐन लग्नसराईत गिऱ्हाईक आहे, अधिकृत आयात घटलीय आणि डिस्काउंट हटत नाही, तेव्हा मात्र मला शंका येते. आणि 2013 आठव. शुल्क 10 टक्क्यांवर नेलं, वर आयातीतलं 20 टक्के सोनं निर्यातीला ठेवायची अट घातली. मालच मिळेना, म्हणून औंसाला शंभर डॉलरच्या वर प्रीमियम गेला. तस्करी तेव्हाही जोरात होती.

वर्षा, ऐरोली: पण 2013 मध्ये रुपया कोसळत होता, चालू खात्याची तूट वाढली होती. सोन्यावर डॉलर उधळू द्यायचे होते का? मला शुल्क हवंच वाटतं.

मंदार, नौपाडा: चोरीच्या सोन्यालाही डॉलरच लागतात वर्षाताई, फक्त ते हवाल्यातून जातात. जुलै 2024 मध्ये शुल्क 6 टक्क्यांवर आणलं. शेखरकाकांच्याच हिशोबात 60 लाखांवर 3 लाख 60 हजार वाचतात आणि खर्च 4 लाख. धंदाच उरत नाही.

शेखर, वाशी: 60 लाखांवर, बरोबर. पण किलो 1 कोटीला गेलं की तेच 6 टक्के 6 लाख होतात. आणणाऱ्या माणसाची मजुरी भावाबरोबर तेवढी वाढत नाही.

वर्षा, ऐरोली: मग भाव चढेल तसं शुल्क उतरवत राहायचं? मला नाही पटत.